मोठ्या रकमेचा चेक देताना पॉझिटिव्ह पे: नोंद कशी करायची आणि तरीही बँक पुन्हा का विचारते

घराचा हप्ता, ट्रॅक्टरची किंमत, कॉलेजची फी, ठेकेदाराचं बिल. लाखांतली रक्कम चेकने दिली की हल्ली दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर बँकेचा फोन येतो, ‘अमुक नंबरचा चेक तुम्हीच दिलाय ना?’ नाही तर समोरच्याचा फोन येतो, ‘तुमचा चेक परत आला.’ खात्यात पैसे आहेत, सही बरोबर आहे, तरीही परत. बहुतेक वेळा कारण पॉझिटिव्ह पेचं असतं. नोंद केलेली नसते, उशिरा केलेली असते, किंवा केलेली नोंद आणि चेक यांत फरक असतो.

ही व्यवस्था रिझर्व्ह बँकेने २५ सप्टेंबर २०२० च्या परिपत्रकाने आणली आणि १ जानेवारी २०२१ पासून ती देशभर लागू झाली. तिचं तत्त्व साधं आहे. चेक देणारा माणूस चेकवरचे मुख्य तपशील स्वतः आपल्या बँकेला आधी कळवतो. चेक क्लिअरिंगला आला की त्यावरचे तपशील या नोंदीशी ताडून पाहिले जातात. जुळले तर चेक पुढे जातो. जुळले नाहीत तर क्लिअरिंगची यंत्रणा दोन्ही बँकांना, म्हणजे ज्या खात्यातून पैसे जायचे ती बँक आणि ज्या बँकेत चेक भरला ती बँक, यांना तसा इशारा देते.

कोणत्या रकमेला लागतं?

रिझर्व्ह बँकेच्या नियमात दोन आकडे आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. ₹५०,००० आणि त्यावरच्या चेकसाठी ही सोय प्रत्येक बँकेने उपलब्ध करून द्यायचीच आहे, पण ती वापरायची की नाही हे खातेदाराने ठरवायचं. ₹५,००,००० आणि त्यावरच्या चेकसाठी मात्र बँक ती सक्तीची करू शकते. ‘करू शकते’ असे शब्द असल्यामुळे प्रत्येक बँकेची रेघ वेगवेगळ्या ठिकाणी आणि वेगवेगळ्या वेळी आखली गेली. पंजाब नॅशनल बँकेने आधी ४ एप्रिल २०२२ पासून ₹१० लाखांच्या चेकला सक्ती केली आणि पुढच्या वर्षी ती मर्यादा ₹५ लाखांवर आणली. काही बँकांत बचत खात्याला एक मर्यादा असते, चालू किंवा कॅश क्रेडिट खात्याला दुसरी. म्हणून आपल्या बँकेची सक्तीची मर्यादा शाखेत एकदा विचारून चेकबुकच्या आतल्या कव्हरवर पेनने लिहून ठेवा. शेजाऱ्याच्या बँकेचा नियम तुमच्या बँकेला लागू नसतो.

ऐच्छिक आहे म्हणून ₹५०,००० ते ₹५ लाखांमधल्या चेकची नोंद करायची नाही, असं मात्र करू नका. त्याच परिपत्रकात एक महत्त्वाचं वाक्य आहे. क्लिअरिंगमधल्या वादाच्या निवाड्यासाठी असलेल्या यंत्रणेत या सूचनांप्रमाणे असलेलेच चेक स्वीकारले जातील, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे उद्या तुमच्या खात्यातून बनावट चेक वटला आणि दोन बँकांमध्ये जबाबदारीचा वाद झाला, तर नोंद असण्या-नसण्याने फरक पडतो. पाच मिनिटांचं काम आहे, ते करून टाकावं.

बनावट चेक कसा वटतो, हे आधी समजून घ्या

पॉझिटिव्ह पे ज्या फसवणुकीवर उपाय म्हणून आलं, ती समजली की नोंदीतल्या प्रत्येक रकान्याचा अर्थ लागतो.

आता चेकचा कागद शहरभर फिरत नाही. ज्या बँकेत चेक भरला जातो तिथेच तो स्कॅन होतो, आणि पुढे जाते ती प्रतिमा आणि चेकच्या तळाशी असलेल्या पांढऱ्या पट्टीतले आकडे. या व्यवस्थेला सीटीएस म्हणतात. त्या पट्टीत डावीकडून आधी सहा आकडी चेक नंबर असतो. मग नऊ आकडी कोड येतो, त्यातले पहिले तीन आकडे शहराचे (मुंबईचे ४००, पुण्याचे ४११), पुढचे तीन बँकेचे आणि शेवटचे तीन शाखेचे. त्यानंतर खात्याशी जोडलेले सहा आकडे आणि शेवटी चेकचा प्रकार सांगणारे दोन आकडे.

फसवणूक करणारा माणूस एखाद्या चेकचा फोटो मिळवतो, त्यावरून तोच नंबर असलेला हुबेहूब चेक छापतो, सही उतरवतो आणि रक्कम व नाव आपल्या मनाचं घालतो. खरं पान कित्येकदा खातेदाराच्या कपाटात कोरंच पडलेलं असतं. दुसरा प्रकार म्हणजे खराच चेक टपालात किंवा ड्रॉप बॉक्समध्ये हाती लागतो आणि त्यावरचं नाव किंवा रक्कम रसायनाने पुसून बदलली जाते. दोन्ही प्रकारांत तुमच्या बँकेपुढे येते ती फक्त प्रतिमा. कागदाचा पोत, जलचिन्ह किंवा अतिनील दिव्याखाली दिसणारा बँकेचा लोगो तिला तपासता येत नाही. ते काम चेक स्वीकारणाऱ्या बँकेने करायचं असतं. म्हणून कागदावर अवलंबून नसलेला पुरावा लागतो, आणि तो फक्त खातेदार देऊ शकतो. या नंबरच्या चेकवर मी हे नाव, ही रक्कम आणि ही तारीख लिहिली आहे, एवढंच त्याने आधी सांगून ठेवायचं.

यातूनच हेही कळतं की पॉझिटिव्ह पे काय करत नाही. ते सही तपासत नाही, शिल्लक राखून ठेवत नाही आणि चेक नक्की वटेल अशी हमीही देत नाही. सही जुळली नाही किंवा पैसे कमी पडले, तर नोंद केलेला चेकही परत जातो.

नोंद करण्याची रीत

पहिला नियम असा की चेक पूर्ण लिहून, सही करून, समोर ठेवूनच नोंद करायची. आठवणीने नाही, कराराच्या मसुद्यावरून नाही, बिलावरूनही नाही. पॉझिटिव्ह पे ही बिलाची नोंद नाही, त्या विशिष्ट कागदाची नोंद आहे.

बँकेचं मोबाइल अ‍ॅप किंवा नेट बँकिंग उघडा. चेकशी संबंधित सेवांच्या यादीत ‘Positive Pay’ किंवा त्याच्या जवळपासचा पर्याय सापडतो. काही बँका आधी खात्याची एकदाच नोंदणी मागतात, ती झाल्याशिवाय पुढचा फॉर्म उघडत नाही. हे पहिल्या मोठ्या चेकच्या दिवशी कळण्यापेक्षा आजच करून ठेवलेलं बरं. अ‍ॅप वापरत नसाल तर शाखेत छापील फॉर्म मिळतो. तो भरून द्या आणि शिक्का मारलेली पोच मागून घ्या. एसएमएस किंवा एटीएमची सोय काही बँकांत आहे, पण एसएमएसमध्ये शब्दांचा क्रम चुकला तर नोंद होत नाही, त्यामुळे मोठ्या रकमेसाठी अ‍ॅप किंवा शाखाच बरी.

आता रकाने. खाते क्रमांक निवडताना एकापेक्षा जास्त खाती असतील तर ज्या खात्याचं चेकबुक आहे तेच निवडा. नवरा-बायकोचं जोडखातं आणि नवऱ्याचं स्वतंत्र खातं, दोन्ही एकाच अ‍ॅपमध्ये दिसतात आणि घाईत वरचं निवडलं जातं.

चेक नंबर सहा आकडी असतो आणि सुरुवातीची शून्यंही त्यातच येतात. पट्टीतला पहिला आकडा ००४१७२ असेल तर शून्यांसकट तसाच टाका. नंबर चुकीचा आहे असा संदेश आला तर दोन शक्यता आधी तपासा. नवं चेकबुक हातात आलंय पण त्याची पोच बँकेच्या यंत्रणेत चढलेली नाही, म्हणून पानं अजून चालू झालेली नाहीत. किंवा चेकबुक विलीन झालेल्या जुन्या बँकेचं आहे आणि ते रद्द झालंय. दोन्ही बाबतीत शाखेत जावं लागतं. वेगळं पान वापरून पाहण्यात वेळ घालवू नका, त्याच चेकबुकातलं दुसरं पानही तेच सांगेल.

तारखेच्या रकान्यात सगळ्यात जास्त चुका होतात, कारण अ‍ॅप आपोआप आजची तारीख दाखवतं आणि आपण पुढे जातो. चेकवर पुढच्या आठवड्यातली तारीख असेल तर कॅलेंडर उघडून तीच निवडा. नोंद केली तो दिवस आणि चेकवरची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चेक त्याच्यावरच्या तारखेपासून तीन महिनेच चालतो हेही लक्षात असू द्या.

रक्कम अंकांत टाका, स्वल्पविराम देऊ नका, आणि पैसे असतील तर तेही टाका. ₹६,१८,४५० चा चेक असेल तर ६१८४५०. टाकून झाल्यावर चेकवरच्या अक्षरी रकमेशी ताडून पाहा, अंकांशी नाही. अंकांत एक शून्य जास्त-कमी झालेलं डोळ्यांना चटकन दिसत नाही, ‘सहा लाख अठरा हजार’ वाचताना मात्र थांबायला होतं.

नाव हा सगळ्यात नाजूक रकाना. चेकवर जसं लिहिलंय तसंच टाका, अक्षर न् अक्षर. चेकवर इंग्रजीत पूर्ण नाव असेल तर नोंदीत आद्याक्षरं टाकू नका. ‘अँड सन्स’, ‘ट्रेडर्स’, ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असे शेपटीचे शब्द गाळू नका. चेक मराठीत लिहिला असेल तर तो वैधच आहे, पण अ‍ॅपचा रकाना बहुधा रोमन अक्षरंच घेतो. मग यंत्रासाठी जुळणीचा आधार उरत नाही आणि नजरेने पाहणाऱ्या कर्मचाऱ्यावर सगळं येतं. सक्तीच्या मर्यादेवरचा चेक असेल तर नाव रोमन लिपीत लिहिणंच व्यवहाराच्या दृष्टीने सोयीचं. मराठीत चेक लिहिण्याचा आग्रह आम्हालाही प्रिय आहे, पण सात लाखांचा चेक अडकवून तो सिद्ध करू नये.

काही बँका प्रकाराचे दोन आकडे विचारतात, ते पट्टीच्या अगदी उजवीकडे असतात. काही बँका चेकच्या दोन्ही बाजूंचे फोटोही मागतात. फोटो सपाट जागेवर काढा, तळाची पट्टी कापली जाऊ देऊ नका, आणि काम झालं की तो फोटो गॅलरीतून काढून टाका. तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर ‘चेक तयार आहे’ म्हणून पाठवणं म्हणजे बनावट चेक छापणाऱ्याला लागणारा सगळा माल आयता देणं आहे.

शेवटी ओटीपी किंवा पिन टाकून नोंद पक्की होते आणि संदर्भ क्रमांक येतो. इथे थांबू नका. तासाभराने त्याच पर्यायात जाऊन नोंदीची स्थिती बघा. ‘प्रलंबित’ दिसत असेल तर ती अजून नोंद नाही. फर्म, कंपनी आणि हाउसिंग सोसायटीच्या खात्यांत हे हटकून होतं. एकजण नोंद भरतो, दुसऱ्याने मंजूर करायची असते, आणि दुसरा लग्नाला गावाला गेलेला असतो. ज्या खात्यात दोघांच्या सह्या लागतात, त्यात ऑनलाइन व्यवहाराचा अधिकार अनेकदा दिलेलाच नसतो. अशा खात्यासाठी दोघांच्या सह्यांचा फॉर्म शाखेत द्यावा लागतो.

सहकारी बँकांच्या खातेदारांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महाराष्ट्रात अनेक छोट्या नागरी बँका स्वतः थेट क्लिअरिंगमध्ये नसतात, एखाद्या मोठ्या बँकेमार्फत त्यांचे चेक जातात. तुमची नोंदही मग त्याच वाटेने पुढे पाठवली जाते. त्यामुळे फॉर्म देताना तो त्याच दिवशी पुढे जातो की दुसऱ्या दिवशी, हे विचारून घ्या आणि चेकची तारीख त्या हिशेबाने टाका.

वेळेचं गणित

४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक क्लिअरिंगची पद्धत बदलली. आधी दिवसभराचे चेक गठ्ठ्याने जायचे आणि पैसे दुसऱ्या दिवशी मिळायचे. आता चेक भरला की स्कॅन होऊन लगेच पुढे जातो आणि तुमच्या बँकेला त्याच दिवशी संध्याकाळी सातपर्यंत ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ सांगावं लागतं. सातपर्यंत काहीच सांगितलं नाही तर चेक मंजूर झाला असं धरलं जातं.

ही शेवटची अट बँकेच्या वागण्यात दिसते. शंका असलेला चेक उद्यापर्यंत बाजूला ठेवायची मुभा आता नाही. गप्प बसलं तर पैसे जातात, म्हणून शंका दूर झाली नाही की बँक चेक परत करते. पूर्वी शाखेचा फोन चुकला तरी संध्याकाळी उलट फोन करून काम भागायचं. आता दुपारी दोनला आलेला फोन पाचपर्यंत उचलला नाही तर चेक परत गेलेला असू शकतो.

याच कारणाने चेक भरण्याच्या किमान एक पूर्ण कामकाजाचा दिवस आधी नोंद असावी, असं अनेक बँका सांगतात. शनिवारी संध्याकाळी नोंद केली आणि समोरच्याने सोमवारी सकाळी चेक भरला, तर मध्ये कामकाजाचा एकही दिवस गेलेला नसतो. दुसरा आणि चौथा शनिवार, रविवार आणि बँकेच्या सुट्ट्या मोजून चालायचं.

नोंद असूनही फोन का येतो?

खातेदारांना सर्वात जास्त चीड याचीच येते. सगळं भरून दिलं, तरी बँक पुन्हा विचारते! त्यामागे पॉझिटिव्ह पेपेक्षा जुना नियम आहे. ५ ऑगस्ट २०१४ ला रिझर्व्ह बँकेने चेकच्या फसवणुकीबद्दल बँकांना सूचना दिल्या. ₹२ लाखांवरचे चेक अतिनील दिव्याखाली पाहायचे, ₹५ लाखांवरचे एकाहून जास्त पातळ्यांवर तपासायचे, चेक क्लिअरिंगला आला की खातेदाराला एसएमएस पाठवायचा, आणि चेक संशयास्पद किंवा मोठ्या रकमेचा असेल तर फोन करून खातेदाराची खात्री घ्यायची. पॉझिटिव्ह पे आल्यावर या सूचना रद्द झाल्या नाहीत. त्यामुळे नोंद आणि फोन हे दोन वेगळे अडसर आहेत, एकाने दुसरा उठत नाही.

व्यवहारात फोन काही ठरावीक खुणांवरून होतो. तपशिलात फरक हे तर उघड कारण. नोंदच नसणं हे दुसरं. मग येतात खात्याच्या सवयीतून निघणाऱ्या शंका. वर्षभर ₹२०,००० च्या आतले चेक देणाऱ्या निवृत्त माणसाच्या खात्यातून एकदम नऊ लाखांचा चेक आला, किंवा गेल्या महिन्यापर्यंत ००४१४० पर्यंतची पानं वटली आणि अचानक ००४१७२ आलं. मधली एकतीस पानं कुठे गेली? चेकबुक चोरीला गेलं असेल किंवा चेक छापलेला असेल तर असंच दिसतं. अनेकदा उत्तर साधं असतं, खातेदाराने चेकबुक मागून फाडायला घेतलेलं असतं. पण बँकेला ते प्रतिमेवरून कळत नाही. सही वयामुळे किंवा आजारपणामुळे बदललेली असते, नावाजवळ खाडाखोड दिसते, दोन वेगळ्या शाईंचा भास होतो. सीटीएसमध्ये तारखेची दुरुस्ती सोडता नाव किंवा रक्कम बदलून शेजारी सही करण्याची जुनी पद्धत चालत नाही, त्यामुळे खाडाखोड असेल तर फोन आला तरी चेक वाचेलच असं नाही. नवं पान घेणंच शहाणपणाचं.

परदेशी राहणाऱ्या मराठी मंडळींचा एक वेगळा प्रश्न आहे. आईवडिलांकडे सह्या केलेले चेक ठेवून जातात, घराच्या दुरुस्तीला किंवा प्लॉटच्या हप्त्याला ते वापरले जातात, आणि बँकेत नोंदवलेला मोबाइल मात्र भारतातला, बंद पडलेला. फोन लागत नाही, खात्री होत नाही, चेक परत. अशांनी नोंदवलेला नंबर आणि ईमेल चालू ठेवावा, आणि चेक भरायच्या आदल्या कामकाजाच्या दिवशी घरच्यांकडून नंबर-नाव-रक्कम विचारून नेट बँकिंगने स्वतः नोंद करावी. चेक कोरा सही करून ठेवणं टाळता आलं तर फारच उत्तम.

फोन खराच बँकेचा आहे का?

बँकेचे असे फोन येतात हे ठगांनाही माहीत आहे. खरा फोन चेकबद्दल विचारतो. नंबर काय, कोणाच्या नावाने, किती रकमेचा, दिलाय की नाही. उत्तर ‘होय’, ‘नाही’ किंवा चेकवरचे तपशील एवढंच असतं. ओटीपी, एटीएम पिन, कार्डामागचे तीन आकडे, पासवर्ड, लिंक उघडणं किंवा एखादं अ‍ॅप टाकणं यांपैकी कशाचाही चेकच्या खात्रीशी संबंध नाही. यातलं एकही मागितलं की फोन ठेवा.

शंका असेल तर सरळ सांगा, ‘मी शाखेत फोन करून सांगतो’, आणि पासबुकवर किंवा बँकेच्या संकेतस्थळावर असलेल्या नंबरवर स्वतः फोन करा. वेळ थोडा असतो, त्यामुळे हे लगेच करा. आणि तुम्ही असा चेक दिलेलाच नसेल तर तेही तितक्याच स्पष्ट सांगा, लगोलग त्या नंबरचं पेमेंट थांबवा, चेकबुकची बाकीची पानं मोजा आणि शाखेला लेखी कळवा. पैसे गेलेच असतील तर १९३० वर तक्रार नोंदवायला एक दिवसही थांबू नका.

एक व्यवहार, पहिल्यापासून शेवटपर्यंत

पुण्यातला पुनर्विक्रीचा फ्लॅट, किंमत ₹७५ लाख. करारावेळी दहा टक्के, म्हणजे ₹७,५०,००० द्यायचे ठरले. खरेदीदाराच्या बँकेत ₹५ लाखांपासून पॉझिटिव्ह पे सक्तीचं. विक्रेता नाशिकचा, त्याचं खातं तिथल्या दुसऱ्या बँकेत.

खरेदीदाराने बुधवारी रात्री कराराचा मसुदा समोर ठेवून नोंद केली: चेक ००४१७२, तारीख शुक्रवारची, रक्कम ७५००००, विक्रेत्याचं नाव. शुक्रवारी सकाळी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात वकिलाने आठवण केली की ₹५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घराच्या पैशातून खरेदीदाराने एक टक्का टीडीएस कापायचा असतो. ₹७,५०० वजा झाले आणि चेक लिहिला गेला ₹७,४२,५०० चा. नोंद बदलायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

करारात पैसे मिळाल्याचा परिच्छेद असतो आणि त्यात चेकचा नंबर, तारीख, बँक, रक्कम सगळं लिहिलेलं असतं. दस्त नोंदला गेला. विक्रेत्याने सोमवारी सकाळी अकराला नाशिकच्या शाखेत चेक भरला. प्रतिमा खरेदीदाराच्या बँकेकडे गेली, रक्कम जुळत नाही असा इशारा उमटला, आणि साडेबाराच्या सुमारास खरेदीदाराला फोन आला. तो मीटिंगमध्ये होता. तीनला उलट फोन केला तेव्हा त्याला कळलं की केलेली नोंद बदलता येत नाही. बऱ्याच बँकांत एकदा पक्की केलेली नोंद दुरुस्त होत नाही, फक्त पेमेंट थांबवता येतं. काही शाखा अशा वेळी नोंदवलेल्या ईमेलवरून किंवा प्रत्यक्ष येऊन दिलेली लेखी खात्री स्वीकारतात, काही सरळ परत करतात. इथे चेक परत गेला.

विक्रेत्याला चेक परतीचं शुल्क लागलं, खरेदीदाराला त्याच्या बँकेचं. पैसे दुसऱ्या दिवशी आरटीजीएसने गेले. पण नोंदलेल्या दस्तात न वटलेल्या चेकचा नंबर राहिला. त्यासाठी वेगळी पावती पुरेल की चूकदुरुस्तीचा लेख करायचा, हे ठरवायला पुन्हा वकिलाकडे जावं लागलं.

हे टाळायला काय करता आलं असतं? टीडीएसचा हिशेब आणि चेक बुधवारीच लिहून झाला असता आणि नोंद त्या पानावरून झाली असती, तर सगळं सरळ पार पडलं असतं. शुक्रवारी रक्कम बदलली हे कळल्यावरही मार्ग होता: ००४१७२ बाद करायचं, पुढचं पान ₹७,४२,५०० ला लिहायचं, तिथेच मोबाइलवर त्याची नवी नोंद करायची, करारात नवा नंबर घालायचा आणि विक्रेत्याला चेक मंगळवारी भरायला सांगायचा. एका नंबरला एकच नोंद, हे सूत्र धरलं की चूक दुरुस्त करायचा रस्ता नेहमी नव्या पानातून जातो.

चेक घेणाऱ्याने काय पाहावं?

पॉझिटिव्ह पेची नोंद चेक घेणारा करू शकत नाही, पण परतीचा फटका त्यालाच आधी बसतो. म्हणून ₹५०,००० वरचा चेक घेताना ‘पॉझिटिव्ह पे केलंय का, कधी केलंय?’ असं विचारण्यात काही वावगं नाही. संदर्भ क्रमांकाचा स्क्रीनशॉट मागा आणि त्यातलं आपलं नाव व रक्कम चेकशी जुळवा. ती दोन मिनिटं समोरासमोर घालवलेली बरी. नोंद आजच झालेली असेल तर चेक आज भरू नका.

चेक परत आला तर परतीच्या मेमोवरचं कारण नीट वाचा. खात्यात पुरेसे पैसे नसणं आणि नोंद नसणं किंवा न जुळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. धनादेश अनादराचं कलम १३८ अपुऱ्या शिल्लकेच्या किंवा ठरलेल्या मर्यादेबाहेरच्या रकमेच्या चेकसाठी आहे, त्यामुळे पॉझिटिव्ह पेच्या कारणाने परत आलेल्या चेकवर लगेच नोटीस धाडण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या. मात्र कलम १३८ लागू होत असेल तर परतीची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची असते, ही मुदत समोरचा ‘उद्या देतो’ म्हणतो त्यात निघून जाऊ देऊ नका.

नोंद वेळेत होती, स्थिती ‘स्वीकारली’ अशी होती, तपशील जुळत होते आणि तरीही चेक पॉझिटिव्ह पेच्या कारणाने परत गेला, तर ती बँकेची चूक आहे. संदर्भ क्रमांक, नोंदीचा एसएमएस आणि परतीचा मेमो जोडून बँकेत लेखी तक्रार करा, शुल्क परत मागा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा तक्रार फेटाळली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते, तिला फी नसते. या तक्रारीत सगळा भार संदर्भ क्रमांकावर असतो, म्हणून चेक वटून पासबुकात नोंद येईपर्यंत तो एसएमएस पुसू नका.